एकत्र राहायला नकार देताना

‘आता भाड्याच्या घरात कशाला राहता? इकडेच या,’ असे आई-वडील मुलाला आणि सुनेला म्हणतात तेव्हा त्या एका वाक्यात अनेक गोष्टी असतात. दुखण्याखुपण्याला जवळ माणूस असावे, घर भरलेले असावे, दोन घरांचा खर्च वाचावा आणि ‘मुलगा वेगळा निघाला’ असे नातेवाइकांनी म्हणू नये, अशा या निरनिराळ्या गरजा असतात. जोडप्याचा नकार असतो तो एका छपराखाली राहण्याला. पण बाकीच्या गरजांविषयी काहीच बोलले गेले नाही, तर आई-वडिलांना तो आपल्यालाच दिलेला नकार वाटतो.

सहनिवास आणि कुटुंब या दोन गोष्टी एक नाहीत, हे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा येथील कुटुंबांच्या अभ्यासात दाखवले होते. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार वेगळ्या घरांत राहणारी माणसेही मालमत्ता, परस्पर मदत आणि कर्तव्ये यांनी एकत्र बांधलेली असू शकतात. नकार देताना हाच फरक उपयोगी पडतो.

समजा, आई-वडील डोंबिवलीत दोन खोल्या आणि हॉलच्या स्वतःच्या घरात राहतात. मुलगा आणि सून ठाण्यात भाड्याने राहतात, दोघेही नोकरी करतात. वडिलांचे गुडघे दुखतात आणि आई त्यांना एकटी सांभाळते. पहिले बोलणे व्हायला हवे ते नवरा-बायकोचे. जायचे नाही हे दोघांचे ठरले आहे का, की एकाला जायचे आहे आणि दुसरा फक्त गप्प आहे? हे ठरण्याआधी आई-वडिलांशी बोलले, तर ‘आम्ही’ म्हणून सुरू केलेले वाक्य ‘हिला जमणार नाही’ असे संपते. मग सगळा राग सुनेवर निघतो.

म्हणून मुलाने स्वतःच्या आई-वडिलांशी स्वतः बोलावे, तेही फोनवर नव्हे, घरी जाऊन आणि शक्यतो सणासुदीच्या गर्दीत नाही. बोलणे साधारण असे होऊ शकते : ‘आई, बाबा, तुम्ही बोलावलंत ते मायेनं, हे आम्हाला कळतं. पण आम्ही दोघांनी ठाण्यातच राहायचं ठरवलं आहे. बाबांच्या गुडघ्यांचं काय करायचं, ते आज आपण बसून ठरवू.’ यात निर्णय स्पष्ट आहे आणि पुढचे वाक्य लगेच खऱ्या काळजीवर येते. कारणांची यादी दिली की प्रत्येक कारणाला तोड निघते. ऑफिस लांब पडते म्हटले तर ‘स्टेशन जवळ आहे’, जागा लहान म्हटले तर ‘आम्ही हॉलमध्ये झोपू’.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘बघू’ या उत्तराने. ते ऐकून आई-वडील खोली रंगवून घेतात, कपाट करून घेतात, शेजाऱ्यांना सांगतात. सहा महिन्यांनी आलेला नकार मग फसवणूक ठरतो. दुसरी चूक म्हणजे अपराधी वाटून भरमसाट कबुली देणे. दर शनिवार-रविवार येण्याचे वचन तिसऱ्या महिन्यात मोडते. त्यापेक्षा पाळता येईल इतकेच ठरवावे : महिन्यातले दोन रविवार डोंबिवलीत, गणपती तिथेच, डॉक्टरांच्या तपासणीला मुलगा सोबत, घरकामाच्या बाईंचा पगार मुलाकडून आणि घराची एक किल्ली ठाण्यात.

वेगळे राहिल्याने कायदेशीर जबाबदारी संपत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणारे पालक मुलांकडे निर्वाह-खर्च मागू शकतात. मुलगा वेगळा राहतो, हे त्यावरचे उत्तर ठरत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोट प्रकरणात, सबळ कारण नसताना पतीला आई-वडिलांपासून तोडण्यासाठी पत्नीने सतत दबाव आणणे ही क्रूरता मानली होती. दोघांनी मिळून वेगळे राहण्याचे ठरवणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

नकारानंतर काही आठवडे अबोला किंवा टोमणे येतात, ते फार मनावर घेण्यासारखे नसते. नाते खरोखर दुरावते आहे, हे वेगळ्या खुणांवरून कळते : वडिलांच्या तपासणीचा निकाल मावशीकडून समजतो, किंवा सासू सुनेशी बोलायचे ते मुलामार्फत कळवते. अशा वेळी मध्यस्थ नातेवाइकांना बाजूला ठेवून थेट भेटावे लागते.

हा निर्णय परिस्थितीशी बांधलेलाही असतो. दोघांपैकी एक गेले, अंथरुणाला खिळले किंवा विस्मरणाचा आजार सुरू झाला, तर महिन्यातले दोन रविवार पुरत नाहीत. तेव्हा त्याच इमारतीत घर घेणे, पूर्णवेळ मदतनीस ठेवणे किंवा एकत्र राहणे, यांचा विचार नव्याने करावा लागतो. तो करू, एवढे पहिल्याच बैठकीत सांगितलेले बरे.