पानाच्या रोगाचं ॲप: ॲबस्ट्रॅक्टमधले ९८ टक्के नेमके कुठले?

फायनल इयरच्या रिपोर्टचं ॲबस्ट्रॅक्ट आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलं. प्रोजेक्ट होता फोनवरच्या फोटोवरून टोमॅटोच्या पानाचा रोग ओळखणारं ॲप. मुख्य वाक्य असं होतं: "आमचं मॉडेल शेतकऱ्याने काढलेल्या फोटोवरून ९८ टक्के अचूकतेने रोग ओळखतं." व्हायव्हाच्या आधी सहज म्हणून मामाच्या शेतात जाऊन ८० फोटो काढले. त्यातले ३७ बरोबर आले, म्हणजे साधारण ४६ टक्के.

मॉडेल बिघडलं नव्हतं. आमचे ट्रेनिंगचे आणि टेस्टचेही फोटो प्लांटव्हिलेज या प्रसिद्ध डेटासेटमधले होते. त्यात पान तोडून, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेला असतो. शेतात मात्र मागे माती, तण, दुसरी पानं, वर कडक ऊन आणि फोन धरणाऱ्याची सावली! २०१६ मध्ये याच डेटासेटवर एक गाजलेला पेपर आला. त्यात अचूकता ९९.३५ टक्के होती, पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि हे त्यांनी पेपरमध्येच सांगितलंय. नंतर एकाने पान बाजूला ठेवून पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले. तरी ३८ वर्गांत ४९ टक्के उत्तरं बरोबर आली! म्हणजे मॉडेल रोगाइतकंच मागच्या कागदाचा रंग आणि उजेडही शिकत असतं.

आमची आणखी एक चूक होती, आणि ती बहुतेक ग्रुप करतात. या डेटासेटमध्ये एकाच पानाचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो आहेत. आम्ही सगळे फोटो पिसले आणि ८०-२० वाटले. त्यामुळे एकाच पानाचा एक फोटो ट्रेनिंगमध्ये आणि दुसरा टेस्टमध्ये गेला. परीक्षेत गृहपाठातलंच गणित आल्यासारखं! वाटणी फोटोंची नाही, पानांची करायची असते. फोटो फिरवून, उलटवून वाढवायचे असतील तर तेही वाटणीनंतर, फक्त ट्रेनिंगच्या भागात.

शेवटी ते वाक्य असं बदललं: "प्लांटव्हिलेजमधल्या टोमॅटोच्या १० वर्गांवर (९ प्रकारचे रोग-कीड आणि १ निरोगी) अचूकता ९८ टक्के, एका शेतातल्या ८० फोटोंवर ४६ टक्के. सर्वाधिक गोंधळ लवकर येणारा आणि उशिरा येणारा करपा यांत."

गाईडना आधी ते आवडलं नाही. "४६ कशाला लिहिता?" पण व्हायव्हात परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, "पान सोडून चपलेचा फोटो दिला तर?" खरं उत्तर असं की मॉडेल त्या दहातलंच एक नाव सांगेल, कारण 'माहीत नाही' हा वर्ग आम्ही ठेवलाच नव्हता. ते वाक्यही मग ॲबस्ट्रॅक्टमध्ये गेलं.