सर्व्हर झोपला, शिफ्ट सुरूच राहिली

तीन शिफ्टमध्ये चालणारा एखादा मध्यम आकाराचा कारखाना घ्या. पहिली शिफ्ट सकाळी सातला लागते, दुसरी दुपारी तीनला, तिसरी रात्री अकराला. पूर्वी शिफ्ट बदलली की टाइम ऑफिसातला माणूस नवं पान उघडून तारीख आणि शिफ्ट टाकायचा. आता तेच काम सर्व्हर करतो. ठरल्या वेळी जुनी शिफ्ट बंद करायची, नवी उघडायची, भोंगा वाजवायचा आणि सुपरवायझरच्या फोनवर निरोप धाडायचा. हे सगळं बहुतेक ठिकाणी एका ओळीवर चालतं:

```
0 7,15,23 * * * /opt/shift/start.sh
```

ही क्रॉनची ओळ. लिनक्स सर्व्हरवर क्रॉन नावाचा एक छोटा प्रोग्राम पडद्यामागे सतत चालू असतो. ओळीतले पहिले पाच रकाने म्हणजे मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. फुली म्हणजे ‘कोणताही चालेल’. त्यामुळे ही ओळ अशी वाचायची: शून्य मिनिटं, सात, पंधरा किंवा तेवीस वाजता, कुठल्याही दिवशी.

इथे पहिली ठेच लागते ती घड्याळाची. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर, लावलेले असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. वरची ओळ तिथे तशीच टाकली तर सकाळची शिफ्ट दुपारी साडेबाराला उघडते. तो अर्धा तास दिसला की दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं. अशा सर्व्हरवर ओळीची सुरुवात `30 1,9,17` अशी हवी.

पण खरी अडचण वेगळी आहे. क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, आत्ता किती वाजले ते पाहतो, त्या मिनिटाशी जुळणारी ओळ असेल तर ती चालवतो आणि पुन्हा झोपतो. मागच्या मिनिटाला काय व्हायला हवं होतं, याची नोंद तो ठेवत नाही. शाळेतला शिपाई रजेवर असेल तर दुसऱ्या दिवशी येऊन तो कालच्या घंटा वाजवत बसत नाही, तसंच हे. उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे सरकवणाऱ्या देशांचा विचार करून आज प्रचलित असलेल्या काही क्रॉनमध्ये थोडी सोय केलेली आहे. पण तीही क्रॉन चालू असेल तरच. मशीनच बंद असेल तर हुकलेली वेळ हुकलीच, आणि त्याबद्दल लॉगमध्ये चुकीचा संदेशसुद्धा येत नाही. जी ओळ दिसायला हवी होती ती दिसत नाही, इतकंच.

आता समजा, शनिवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सर्व्हर रूमचा यूपीएस बसला. शॉप फ्लोअर जनरेटरवर चालूच आहे. दुरुस्ती होऊन सर्व्हर उठला तेव्हा मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं झाली होती. डेटाबेसच्या लेखी पहिली शिफ्ट अजून संपलेली नाही. दुसरी सुरूच झाली नाही, तिसरीही नाही. प्रत्यक्षात दुसऱ्या शिफ्टची माणसं आठ तास काम करून घरी गेली आहेत आणि तिसरीची मशीनवर उभी आहेत.

अशा वेळी सिस्टमडीचा टायमर वापरा, असं हमखास सुचवलं जातं, आणि ते चूक नाही. त्यात `Persistent=true` लिहिलं की शेवटी काम कधी झालं याची खूण डिस्कवर राहते आणि मधली वेळ हुकली असेल तर मशीन उठताच काम चालतं. मात्र ते एकदाच चालतं. आपल्याकडे तीन आणि अकरा अशा दोन वेळा हुकल्या आहेत. अ‍ॅनाक्रॉनचा हिशेब तर दिवसांचा असतो, तासांचा नाही. म्हणून माझ्या मते साधन बदलण्याआधी स्क्रिप्टचा प्रश्न बदलावा. ‘आत्ता तीन वाजलेत, शिफ्ट उघड’ असं तिला सांगण्याऐवजी ‘आत्तापर्यंत ज्या शिफ्ट उघडायला हव्या होत्या त्यातल्या कोणत्या राहिल्या?’ हे तिने स्वतःच शोधावं. मग तिला नेमक्या वेळी उठवायची गरज उरत नाही. दर पाच मिनिटांनी उठवलं तरी चालतं:

```
*/5 * * * * flock -n /run/lock/shift.lock /opt/shift/start.sh
```

`flock` मुळे एक फेरी संपली नसेल तर दुसरी तिच्यावर चढत नाही. दुसरी खबरदारी डेटाबेसमध्ये घ्यायची. तारीख आणि शिफ्ट क्रमांक यांची जोडी एकदाच येऊ शकते, अशी अट टेबलवर घालायची. मग स्क्रिप्ट शंभरदा चालली तरी एकच शिफ्ट दोनदा उघडत नाही.

रविवारी पहाटे पाऊणच्या आधीच स्क्रिप्ट उठते. तिला शेवटची नोंद शनिवार, पहिली शिफ्ट, अशी सापडते. तिथून पुढे ती ठरलेल्या वेळा मोजते: तीन, अकरा, आणि त्यापुढची सातची वेळ अजून आलेली नाही. म्हणून पहिली शिफ्ट तीनला बंद दाखवते, दुसरी तीन ते अकरा अशी उघडून बंद करते आणि तिसरी अकरापासून उघडते. सगळ्यात जास्त गफलत तिसरीच्या तारखेत होते. कॅलेंडरवर रविवार लागलेला असला तरी ही शिफ्ट शनिवारचीच. स्क्रिप्टने संगणकाला आजची तारीख विचारून ती टाकली, तर शनिवारची रात्रपाळी गायब होते आणि रविवारी रात्री खऱ्या रात्रपाळीला जागाच उरत नाही, कारण ती जोडी आधीच वापरलेली असते. म्हणून तारीख ठरलेल्या वेळेवरून काढायची. टेबलात रकानेही दोन ठेवायचे: शिफ्ट कधी लागायला हवी होती आणि नोंद प्रत्यक्षात कधी झाली. पगाराला पहिला लागतो. पुढे कुणी चौकशी केली तर दुसरा.

शिफ्ट उघडण्याबरोबर होणारं प्रत्येक काम मात्र मागाहून करायचं नसतं. मध्यरात्रीनंतर दोन भोंगे लागोपाठ वाजले तर लोक आग लागली म्हणून बाहेर धावतील. भोंगा आणि फोनवरचा निरोप ठरलेल्या वेळेपासून दहा मिनिटांच्या आतच द्यायचा. त्यानंतर फक्त नोंद. हजेरीचं बहुतेक निभावतं, कारण पंचिंग मशीन सहसा स्वतःच्या मेमरीत पंच साठवून ठेवतं आणि सर्व्हर आला की पाठवतं. उत्पादनाच्या आकड्यांचं तसं नाही. मशीनवरचा काउंटर एकच चढता आकडा दाखवत असेल, तर पावणेतीनचा आकडा आणि पाऊणचा आकडा यांच्या मधले नग कुठल्या शिफ्टचे किती, हे कुठलीही स्क्रिप्ट सांगू शकत नाही. वेळेच्या प्रमाणात वाटून टाकायचा मोह होतो, पण इन्सेंटिव्ह त्याच आकड्यांवर निघतो. तिथे रकाना रिकामा ठेवून सुपरवायझरच्या वहीतला आकडा हाताने भरणंच बरं.

एक धोका उरतो. वीज गेल्यानंतर उठलेल्या सर्व्हरचं घड्याळ भलतंच असू शकतं; मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असेल तर तो जुनी तारीखही दाखवतो. नेटवर्कवरून वेळ जुळेपर्यंत स्क्रिप्टने थांबावं. `timedatectl` ने ते दिसतं: `System clock synchronized: yes`. आत्ताची वेळ शेवटच्या नोंदीच्याही मागे असेल, किंवा एकदम नऊपेक्षा जास्त शिफ्ट, म्हणजे तीन दिवसांहून जास्त, उघडायच्या निघत असतील, तर काहीच न करता माणसाला कळवावं. आणि कळवण्याचं हे काम दुसऱ्या मशीनकडे द्यावं. तीन वाजून पंधरा मिनिटांपर्यंत नवी नोंद दिसली नाही की त्याने ओरडायचं, कारण बंद पडलेला सर्व्हर आपण बंद आहोत असा मेसेज पाठवत नाही.