फोटोतले कपडे बदलताना चेहरा कसा वाचवायचा? | भागाचं लेखी रूप

या भागात ऐकलंत ते जालना जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या फॅशन क्लबमधलं छोटंसं भाषण. बोलणारी विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाला आहे आणि समोर बसलेत फर्स्ट इयरचे विद्यार्थी. विषय आहे आउटफिट एडिटचे प्रॉम्प्ट, म्हणजे फोटोतले कपडे बदलायला एआयला द्यायची सूचना. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे भाषण इथे लिहून देतोय. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तिचेच शब्द.



सगळ्यांना नमस्कार. ट्रॅडिशनल डे जवळ आलाय, आणि मला माहितेय, निम्म्या लोकांच्या फोनमध्ये आत्तापासून साडीतले, फेट्यातले एआय फोटो तयार आहेत. चांगलंय. भाड्याने कपडे घेण्याआधी कुठला रंग आपल्याला बरा दिसेल हे घरबसल्या बघता येतं. पण हे नीट जमावं म्हणून दोन-चार गोष्टी सांगते.

सप्टेंबर 2025 आठवतोय ना? गूगलच्या जेमिनीमध्ये फोटो एडिट करणारं नवीन मॉडेल ऑगस्टच्या शेवटी आलं होतं, ज्याला सगळे ‘नॅनो बनाना’ म्हणायला लागले. नवरात्रीच्या तोंडावर इन्स्टाग्रामवर जिकडे तिकडे रेट्रो साडी सुरू झाली. शिफॉनची साडी, उडणारे केस, मागे संध्याकाळचं सोनेरी ऊन. सगळ्यांनी एकच प्रॉम्प्ट कॉपी-पेस्ट केला. फोटो सुंदर आले, पण खूप जणींना मैत्रिणींनी विचारलं, “ही तूच आहेस का गं?”

असं का होतं ते आधी समजून घ्या. आपल्याला वाटतं की मशीन आपल्या फोटोवरचे कपडे कापून नवे चिकटवतं. तसं नाहीये. तुमचा फोटो बघून ते पूर्ण चित्र नव्याने काढतं. कपडेही नवे, चेहराही नवा. फक्त चेहरा जुन्यासारखा काढायचा प्रयत्न करतं. म्हणून जे ‘ठेव’ असं तुम्ही सांगितलं नाही, ते बदलू शकतं. त्यात व्हायरल प्रॉम्प्टमध्ये ‘सुंदर’, ‘परफेक्ट’, ‘तेजस्वी त्वचा’ असले शब्द असतात. मशीनला ते साडीबद्दल आहेत की तुमच्याबद्दल, हे कळत नाही. मग रंग उजळतो, गाल बसतात, कंबर बारीक होते. कॉपी केलेला प्रॉम्प्ट वापरायचाच असेल, तर आधी हे शब्द खोडा.

म्हणजे प्रॉम्प्टचे दोन भाग करायचे. पहिला, काय ठेवायचं. दुसरा, काय बदलायचं. एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा फोटो आहे कुर्ता आणि जीन्समधला. तुम्ही भिंतीसमोर सरळ उभ्या आहात, चष्मा आहे, एक हात कमरेवर आहे, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. तुम्हाला बघायचीय नऊवारी. तर पहिला भाग असा लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं.

```
चेहरा, त्वचेचा रंग, चष्मा, केस, अंगकाठी, हातांची
ठेवण आणि मागची भिंत जशीच्या तशी ठेव.
फक्त कपडे बदल.
```

‘अंगकाठी’ हा शब्द विसरू नका. बहुतेक जण चेहऱ्यापर्यंतच लिहितात आणि मग फोटोत पाच किलो कमी झालेले दिसतात!

आता दुसरा भाग. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. ते लिहितात, ‘पैठणी नऊवारी नेसव’. आणि येते सहावारी, गोल नेसलेली, आत परकर असलेली. कारण मशीनने साडी म्हणून पाहिलेले फोटो बहुतेक गोल साडीचेच असतात. नऊवारी हे नाव त्याला ऐकून माहीत असेल, पण तिचा आकार तुमच्या आजीला जसा माहीत आहे तसा त्याला माहीत नाही. म्हणून नियम एकच: नुसतं नाव लिहू नका, डोळ्यांना काय दिसतं ते लिहा.

आता विचार करा, समोरून नऊवारी कशी दिसते? काष्टा तर मागे खोचलेला असतो, तो समोरून दिसतच नाही. समोरून दिसतं काय, तर साडी दोन्ही पायांभोवती धोतरासारखी वेगळी गेलेली आणि मध्ये निऱ्या. बस्स, तेवढंच लिहा.

```
जांभळी रेशमी नऊवारी. साडी दोन्ही पायांभोवती
धोतरासारखी वेगवेगळी गुंडाळलेली, मध्ये निऱ्या,
आत परकर नाही. काठ चार बोटं रुंद, सोनेरी जरीचा.
पदर फोटोत उजवीकडे दिसणाऱ्या खांद्यावर.
ब्लाउज हिरवं, बाह्या कोपरापर्यंत.
खिडकीचा उजेड फोटोत डावीकडून येतोय,
तो साडीवरही तसाच पडू दे.
```

पदराची ओळ मी अशी विचित्र का लिहिली? कारण ‘डावा खांदा’ म्हटलं की गोंधळ होतो. तुमचा डावा की बघणाऱ्याचा डावा? समोरून काढलेल्या फोटोत तुमचा डावा खांदा बघणाऱ्याच्या उजवीकडे येतो. आणि आरशातली सेल्फी असेल तर पुन्हा उलटं! म्हणून ‘फोटोत उजवीकडे’, ‘फोटोत डावीकडे’ असंच लिहायचं. शेवटची उजेडाची ओळ पण ठेवा. ती नसली तर चेहऱ्यावर एका बाजूने ऊन आणि साडीवर दुसऱ्या बाजूने असं होतं, आणि फोटो खोटा का वाटतो तेच कळत नाही.

मुलांनो, तुम्हालाही हाच नियम. नुसतं ‘फेटा’ लिहिलं की कधी पंजाबी पगडी येते, कधी राजस्थानी साफा. मग लिहा: लांब कापड डोक्याभोवती पीळ देऊन घट्ट बांधलेलं, वर उभा तुरा, मागे पाठीवर सोडलेला शेमला.

आता फोटो आला. लगेच स्टेटसला टाकू नका. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवा, झूम करा आणि चार ठिकाणं बघा. पहिलं, चेहऱ्यावरच्या तुमच्या खास खुणा. तीळ, खळी, चष्म्याची फ्रेम. यातलं काही हललं असेल तर चेहरा बदललाय. दुसरं, कमरेवरचा हात. बोटं मोजा, आणि बोटं साडीत बुडालेली नाहीत ना ते बघा. तिसरं, काठ. बोटाने काठाचा माग काढा. खऱ्या साडीत काठ सलग असतो. एआयच्या फोटोत तो निरीपाशी मध्येच गायब होतो नाहीतर रुंदी बदलतो. चौथं, पदरावरचे मोर. पैठण आपल्याला काही लांब नाही. कुणाच्या घरी खरी पैठणी असेल तर पदर जवळून बघा. ती नक्षी विणलेली असते, म्हणून मोराच्या कडा बारीक पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. एआयचा मोर छापल्यासारखा गुळगुळीत असतो, आणि शेजारच्या मोराशी त्याचा मेळ बसत नाही.

चूक सापडली की पूर्ण प्रॉम्प्ट परत लिहायचा नाही. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा.

```
काठ निऱ्यांमध्येही सलग आणि एकाच रुंदीचा ठेव.
बाकी काहीही बदलू नकोस.
```

पण अशा दुरुस्त्या तीन-चारच करा. प्रत्येक वेळी चित्र नव्याने निघतं, त्यामुळे चेहरा दर वेळी थोडा थोडा सरकत जातो. सातव्या दुरुस्तीला काठ छान आणि चेहरा चुलत बहिणीचा, असं होतं. त्याआधीच मूळ फोटोवर परत या आणि शिकलेलं सगळं एकाच प्रॉम्प्टमध्ये घालून नव्याने सुरू करा.

एक मर्यादा पण सांगते. या फोटोवरून रंग कळतो, काठ किती रुंद शोभेल ते कळतं. माप कळत नाही. ब्लाउज बसेल का, साडी किती जड आहे, ती नेसून दिवसभर जिने चढता येतील का, यातलं काहीच कळत नाही. तेव्हा फोटो बघून दुकानदाराला पूर्ण पैसे देऊ नका. जाऊन घालून बघा.

आता शेवटचं, आणि यात क्लबमध्ये सूट नाही. प्रॉम्प्ट फक्त स्वतःच्या फोटोवर. मैत्रिणीचा फोटो असेल तर आधी तिला विचारायचं, काय घालणार ते सांगायचं आणि तयार झालेला फोटो सगळ्यात आधी तिलाच दाखवायचा. ती नको म्हणाली तर डिलीट. ग्रुप फोटो घ्यायचा नाही, कारण त्यातल्या सगळ्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. फोटोत आयकार्ड दिसत असेल तर अपलोड करण्याआधी क्रॉप करा.

हे मी का बोलतेय ते तुम्हाला कळलंय. जो प्रॉम्प्ट कपडे बदलतो, तसाच प्रॉम्प्ट कपडे काढण्यासाठी वापरणारे लोक आहेत. ‘अरे, गंमत होती, खरा फोटो थोडीच आहे’ हे चालत नाही. अश्लील फोटो ऑनलाइन पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम 67 खाली गुन्हा आहे, आणि तो एआयने बनवला म्हणून सुटका होत नाही. ज्या मुलीचा फोटो फिरतो, तिच्या घरी पहिला प्रश्न हाच येतो की कॉलेज बंद करायचं का. गावाकडून एसटीने येणाऱ्या मुलींना हे जास्त सांगायला नको.

असं कुणाबरोबर झालं तर तिने काय करायचं? फोटो घाबरून डिलीट करायचा नाही. आधी स्क्रीनशॉट घ्या, ज्यात अकाउंटचं नाव आणि तारीख दिसेल. पोस्टची लिंक जपून ठेवा. मग त्या ॲपवर रिपोर्ट करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. तिथे महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार करता येते. आणि आमच्यापैकी कुणालाही येऊन सांगा. तो फोटो आम्ही मागणार नाही, बघणार नाही. सोबत पोलीस स्टेशनला येऊ.

आता फोन काढा. स्वतःचा एक फोटो निवडा, सरळ उभा असलेला, चांगल्या उजेडातला. आणि पहिली ओळ ‘काय ठेवायचं’ याची लिहा. साडी नंतर.



भाषण इथे संपलं. तिने सांगितलेले तिन्ही प्रॉम्प्ट वर जसेच्या तसे दिलेत, कॉपी करून आपल्या फोटोप्रमाणे रंग आणि बाजू बदलून घ्या. तयार झालेला फोटो पोस्ट करणार असाल तर खाली ‘एआय एडिट’ असं लिहा, म्हणजे ती साडी कुठून घेतली हे विचारणाऱ्यांना उत्तर आधीच मिळेल. भेटू पुढच्या भागात.