परिसंवादातला वक्ता कोण, हे चार ओळींत

'शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घालावी का?' अशा परिसंवादाला पोपटराव पवार वक्ते असतील, तर निवेदक बहुधा 'पद्मश्री, एम.कॉम., आदर्श सरपंच' एवढंच सांगतो. हे खरं असलं, तरी बोअरवेलबद्दल त्यांचं का ऐकावं, ते यातून कळत नाही. माझ्या मते परिचय असा हवा:

'नगर जिल्ह्यातल्या अवर्षणग्रस्त हिवरे बाजारचे पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पुढे गावाने शेतीसाठी बोअरवेल घेणं बंद केलं, ऊसही वर्ज्य केला. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरलेल्यात बसतील तीच पिकं.'

आता श्रोत्याला कळतं की बंदीसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मनं वळवणारा माणूस बोलतो आहे. पद्मश्री शेवटी आली तरी चालेल.

एक वाक्य मात्र गाळू नये: 'हे गाव लहान आहे आणि निर्णय ग्रामसभेत झाले.' त्यामुळे समोरच्या वक्त्याला नेमका प्रश्न सापडतो. एकमेकांना ओळखणाऱ्या गावात टिकलेला नियम अख्ख्या तालुक्यात कोण पाळायला लावणार?