शेवया आधी भाजायच्या त्या कशासाठी

गावाकडे गुळवण्याबरोबर शेवया करतात तेव्हा त्या कुणी भाजत बसत नाही. आधणात टाकायच्या, शिजल्या की चाळणीत उपसायच्या आणि पाणी निथळून जाऊ द्यायचं. तरीही त्या ताटात मोकळ्या येतात. मग खिरीसाठीच तुपात भाजण्याचा खटाटोप का?

उत्तर त्या ओतून दिलेल्या पाण्यात आहे. शेवया गरम पाण्यात पडल्या की त्यांच्यातला स्टार्च फुगतो आणि वरच्या थरातला थोडा सुटून बाहेर येतो. निथळून टाकलेलं पाणी गढूळ नि चिकट लागतं ते त्यामुळे. गुळवण्याच्या शेवयांचा हा चिकटा पाण्याबरोबर निघून जातो. खिरीत मात्र आपण काहीच ओतून देत नाही. सुटलेला सगळा स्टार्च दुधात राहतो, आणि दोन ओल्या शेवया एकमेकींना टेकल्या की त्यांच्यामध्ये खळीचं काम करतो. खिरीच्या तळाशी मिळणारा गोळा असा तयार होतो.

भाजल्याने हा चिकटा कमी सुटतो. कोरड्या आचेवर शेवईचा वरचा थर आणखी वाळतो, गव्हातली प्रथिनं घट्ट होतात आणि तुपाचा पातळ लेप बसतो. अशी शेवई दूध शोषते, पण सावकाश, आणि आतून मऊ होईपर्यंत बाहेरून विरघळत नाही. खमंग वास हा या सगळ्यातला वरचा नफा.

एक लिटर सायीच्या दुधाला साधारण साठ ग्रॅम बारीक शेवया पुरतात. त्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या मोडून घ्याव्यात. कढईत दोन चमचे साजूक तूप गरम झालं की शेवया घालायच्या आणि आच मध्यमाहून थोडी कमी ठेवायची. मोठ्या आचेवर टोकं काळी पडतात आणि मधला भाग पांढराच राहतो. हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. पांढरे राहिलेले तुकडे दुधात आधी विरतात आणि भाजलेल्यांनाही एकमेकींना चिकटवतात. म्हणून उलथनं थांबू द्यायचं नाही, तळातल्या शेवया सारख्या वर आणायच्या. बारीक शेवयांना चार-पाच मिनिटं लागतात, जाडसर असतील तर थोडी अधिक. मात्र घड्याळापेक्षा कान आणि दात जास्त खरं सांगतात. हलवताना कोरडी खसखस ऐकू येऊ लागते आणि एक शेवई दाताखाली धरली तर कट्‌कन तुटते. रंग एकसारखा बदामी हवा. तो दिसला की लगेच ताटात काढाव्यात. जाड बुडाची कढई गॅस बंद केल्यावरही भाजतच राहते, आणि तपकिरी झालेल्या शेवयांचा कडवटपणा कितीही साखर घातली तरी जात नाही.

पाकिटावर ‘भाजलेल्या’ असं लिहिलेल्या शेवयाही मिनिटभर तुपात परताव्यात. त्या कोरड्या भाजलेल्या असतात, तुपाचा लेप त्यांना नसतो.

दूध चांगलं उकळतं हवं. कोमट दुधात शेवया तळाशी बसतात आणि तिथेच एकमेकींना धरून फुगतात. उकळत्या दुधात त्या मूठमूठ पसरून सोडाव्यात आणि पहिली दोन मिनिटं सतत हलवावं. चिकटण्याचा धोका याच वेळी असतो. नंतर मंद आचेवर सहा-सात मिनिटं पुरतात. हातशेवया याहून लवकर शिजतात, तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवावी.

साखर शेवया मऊ झाल्यावरच घालायची, साधारण ऐंशी ग्रॅम. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे आधी घातली तर शेवई शिजायला वेळ लागतो. ती विरघळली की खीर पातळ दिसते. त्याला घाबरून आणखी शेवया घालणारे पुढे पस्तावतात. गुळाची खीर करायची असेल तर गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर गूळ घालावा. उकळत्या दुधात तो घातला तर दूध फाटू शकतं. वेलदोडा आणि तुपात तळलेले बेदाणे शेवटी. जायफळ मला या खिरीत नको वाटतं, ते भाजल्याचा वास दाबून टाकतं.

भाजल्याने शेवयांचं शोषण सावकाश होतं, थांबत नाही. तासाभराने हीच खीर दाट होते आणि दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहतो. तेव्हा पळी घालून घोटू नये, शेवया मोडून लगदा होतो. वाटीभर गरम दूध ओतून हलक्या हाताने सोडवून घ्यावी. पाहुणे उशिरा येणार असतील तर शेवया भाजून डब्यात ठेवा, दूध आटवून ठेवा, आणि दोन्ही एकत्र करा ते पानं घ्यायच्या पंधरा मिनिटं आधी.