शटरवरचा कागद

दवाखाना बंद असल्याची सूचना बहुतेक ठिकाणी शटरवर चिकटवलेली असते. दवाखाना सुरू असतो तेव्हा शटर वर गुंडाळलेले असते आणि कागदही त्यातच गुंडाळला जातो. शटर खाली आले की कागद दिसतो. पण तोवर डॉक्टर गावाला गेलेले असतात आणि पायरीवर उभा असलेला माणूस रिक्षाचे भाडे देऊन आलेला असतो. ज्याला आठ दिवस आधी कळायला हवे होते, त्याला ते त्या क्षणी कळते.

कागदावरचा मजकूर साधारण असा असतो: ‘दवाखाना दि. २० ते २३ बंद राहील. तातडीच्या प्रसंगी संपर्क साधावा.’ खाली एक मोबाइल नंबर. या दोन ओळींत निदान चार प्रश्न अनुत्तरित राहतात. तेवीस तारखेला संध्याकाळची ओपीडी आहे की नाही? नंबर लागला नाही तर काय करायचे? तातडीचे म्हणजे नेमके काय? आणि चालू औषध मधेच संपले तर?

डॉक्टरने सुट्टी घेण्यात काहीच गैर नाही. वर्षभर सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसणाऱ्या फॅमिली डॉक्टरला दिवाळीचे चार दिवस हवेतच. वैद्यकीय आचारसंहितेनेही ते गृहीत धरले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही. तरीही काही मोजक्या कारणांसाठी वर्तमानपत्रात निवेदन देण्याची मुभा आहे, आणि कामावरून तात्पुरते गैरहजर राहणे हे त्यांपैकी एक कारण. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित करून २००२ चेच नियम पुन्हा लागू केले. हेच नियम आणखी एक गोष्ट सांगतात. एकदा हाती घेतलेल्या रुग्णाकडे डॉक्टरने दुर्लक्ष करू नये आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याच्या उपचारातून अंग काढून घेऊ नये. सुट्टीवर जाताना लावलेला कागद या दुसऱ्या कलमाशी जोडलेला आहे.

तालुक्याच्या गावातला एक दवाखाना डोळ्यांसमोर आणू. २०२५ ची दिवाळी. नरकचतुर्दशीचा सोमवार २० ऑक्टोबर, मंगळवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा आणि गुरुवारी २३ तारखेला भाऊबीज. हे चारही दिवस दवाखाना बंद आणि शुक्रवारी २४ ला सकाळी पुन्हा सुरू. या चार दिवसांत कोणाकोणाचे अडू शकते ते पाहिले की सूचनेत काय असायला हवे ते आपोआप उलगडते.

पहिला रुग्ण कुत्रा चावलेला. शुक्रवारी १७ तारखेला संध्याकाळी चावा झाला. घरच्यांनी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी दवाखान्यात रेबीजच्या लशीचा पहिला डोस झाला. दंडात दिल्या जाणाऱ्या या लशीचे दिवस ठरलेले असतात: शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. म्हणजे पुढचे डोस २० ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर आणि १४ नोव्हेंबरला येतात. दुसरा डोस नेमका नरकचतुर्दशीला. ‘दवाखाना उघडला की घेऊ’ म्हटले तर तिसऱ्या दिवसाचा डोस सातव्या दिवसावर जातो, आणि शरीराने विषाणूविरुद्ध लवकर तयारी करायची त्याच काळात खंड पडतो. लस दवाखान्याच्या फ्रीजमध्ये आहे, फ्रीज कुलपात आहे आणि किल्ली डॉक्टरांबरोबर गावाला गेली आहे.

या माणसाला शटरवरच्या कागदाचा उपयोग नाही. त्याला १७ तारखेलाच, सुई टोचताना, सांगायला हवे की सोमवारचा डोस ग्रामीण रुग्णालयात घ्यायचा आणि हे कार्ड बरोबर न्यायचे. कार्डावर लशीचे नाव, तारीख आणि लस स्नायूत दिली की कातडीत हेही लिहिलेले हवे. सरकारी रुग्णालयात ही लस बहुधा कातडीत, थोड्या मात्रेत देतात आणि तिचे वेळापत्रकही थोडे वेगळे असते. कार्ड पाहिल्याशिवाय तिथल्या डॉक्टरला पुढचा हिशेब लावता येत नाही.

दुसरा प्रकार रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांचा. रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांचे रुग्ण महिन्याच्या महिन्याला येतात आणि त्यांतल्या काहींच्या गोळ्या नेमक्या २१ तारखेला संपतात. चार दिवसांनी काय बिघडते, असे घरात सहज म्हटले जाते. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः नाडीचे ठोके कमी करणाऱ्या, एकाएकी थांबवल्या तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो. फिट्सच्या गोळ्या चुकल्या तर फिट परत येण्याची भीती असते.

मेडिकलवाल्याकडून आणू म्हटले तर तिथेही अडचण. औषध नियम, १९४५ नुसार डॉक्टरने चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल तर तिच्यावर एकदाच औषध देता येते. म्हणून सुट्टीपूर्वीच्या चिठ्ठीवर ‘पुन्हा एकदा द्यावे’ अशी ओळ डॉक्टरने लिहिली तर रुग्णाची खेप वाचते आणि मेडिकलवाल्यालाही नियम मोडावा लागत नाही.

आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत तर चिठ्ठीच नसते. कंपाउंडर बरणीतून गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधून देतो: सकाळी एक लाल, रात्री अर्धी पांढरी. डॉक्टर समोर असेपर्यंत ही पद्धत चालते. डॉक्टर गावाला गेले की पुडीची अडचण होते. आजी पुडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, टेबलावर उघडतात आणि म्हणतात, ‘याच द्या, डॉक्टरसाहेब.’ अर्ध्या पांढऱ्या गोळीकडे पाहून ती रक्तदाबाची आहे, साखरेची आहे की आम्लपित्ताची, हे कोणालाही सांगता येत नाही. सुट्टीच्या आधीच्या पंधरवड्यात रोजच्या गोळ्यांवरच्या प्रत्येक रुग्णाच्या पुडीवर औषधाचे नाव आणि मात्रा लिहिली, तर हा प्रसंग टळतो.

आता दुसऱ्या डॉक्टरचा प्रश्न. सूचनेत नुसते ‘जवळच्या डॉक्टरांना दाखवावे’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. २००२ च्या नियमांत बदली डॉक्टरविषयी स्वतंत्र कलम आहे. स्वतःचे काम सांभाळून वाढीव जबाबदारी पेलण्याची कुवत असेल तरच त्याने ती स्वीकारावी, आणि मूळ डॉक्टर परतले की सगळे रुग्ण त्यांच्याकडे परत सोपवावेत, असे ते सांगते. म्हणजे आधी विचारणे आले, होकार आला, वेळा ठरवणे आले. दिवाळीत तेही दोन दिवस बंद ठेवणार असतील तर ते दोन दिवस कोण पाहणार, हेही तेव्हाच ठरते. मगच कागदावर त्यांचे नाव, पदवी, ओळखीच्या खुणेसह पत्ता आणि बसण्याच्या वेळा येतात.

राहिला ‘तातडीचे’ हा शब्द. तो प्रत्येकाला वेगळा समजतो. सर्दी झालेल्या बाळाची आई घाबरून रात्री फोन करते आणि छातीत दुखणारे आजोबा ‘डॉक्टर आल्यावर बघू’ म्हणत घाम पुसत बसतात. म्हणून सूचनेने हा शब्द मोकळा सोडू नये, लक्षणांची नावे घ्यावीत. छातीत दाब आणि घाम, तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, श्वास लागणे, फिट, सर्पदंश, विंचूदंश, न थांबणारा रक्तस्राव. यांपैकी कशातही फोन लावत बसायचे नाही आणि बदली डॉक्टरकडेही जायचे नाही. थेट मोठे रुग्णालय गाठायचे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झटका आला असेल तर ती विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. बंद शटरसमोर घालवलेला अर्धा तास त्यातूनच वजा होतो.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आणखी एक ओळ हवी, ती डेंग्यूची. पावसाळ्यानंतर त्याचे रुग्ण वाढलेले असतात आणि त्याची चाल फसवी असते. तीन ते सात दिवसांनी ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होऊ शकतो. ताप गेल्यावर पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा ग्लानी यांतले काहीही दिसले तर दवाखाना उघडण्याची वाट पाहायची नाही.

अशा वेळी गाडी मिळणे हाही अर्धा उपचार असतो. महाराष्ट्रात १०८ ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. तो आकडा सूचनेत मोठ्या अक्षरांत आणि डॉक्टरांच्या मोबाइलच्या वर असावा. घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो.

बंद किती काटेकोरपणे जाहीर करता येतो याचे उदाहरण अलीकडचेच आहे. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर बंद पुकारला. शनिवार १७ ऑगस्ट २०२४ सकाळी ६ ते रविवार १८ ऑगस्ट सकाळी ६, नेमके २४ तास. ओपीडी आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रिया बंद, अपघात विभाग आणि अत्यावश्यक सेवा सुरू. संतापाच्या क्षणीही काय बंद आणि काय चालू हे रुग्णाला एका वाक्यात कळत होते.

त्याच धर्तीवर आपल्या तालुक्याच्या दवाखान्याची सूचना अशी होईल: ‘सोमवार २० ऑक्टोबर सकाळपासून गुरुवार २३ ऑक्टोबर रात्रीपर्यंत दवाखाना पूर्ण बंद. शुक्रवार २४ ऑक्टोबर, सकाळी १० वाजता सुरू. छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, फिट, साप-विंचू: लगेच १०८. ताप, उलट्या-जुलाब, किरकोळ जखम: बदली डॉक्टर, नाव, पत्ता, वेळ. कुत्रा चावल्याची लस: ग्रामीण रुग्णालय, कार्ड न्यावे. रोजच्या गोळ्या: १८ तारखेपर्यंत घेऊन जाव्यात.’

हा कागद ५ तारखेच्या सुमारास कंपाउंडरच्या खिडकीशी, पैसे देताना नजर जाईल तिथे लागतो. एक प्रत शेजारच्या मेडिकलवाल्याकडे जाते, कारण शटर बंद दिसले की लोक आधी त्यालाच विचारतात. वाचता न येणाऱ्याला कंपाउंडर पुडी बांधताना तोंडी सांगतो. शटरवरची प्रत सगळ्यांत शेवटी, १९ च्या रात्री लागते आणि पाऊस आला तरी शाई पसरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेली असते.

शुक्रवारी सकाळी शटर वर जाण्याआधी ती काढावी लागते. ‘दवाखाना बंद’ असा कागद आठवडाभर तसाच राहिला तर संध्याकाळी लांबून तो वाचून लोक परत फिरतात. त्याच सकाळी बदली डॉक्टरकडून चार दिवसांत पाहिलेल्या रुग्णांची यादी येते: कोणाला काय दिले, कोणाला पुढे पाठवले. कुत्रा चावलेला माणूस कार्ड घेऊन बाकावर बसलेला असतो. कार्डावर २० तारखेसमोर ग्रामीण रुग्णालयाचा शिक्का आहे आणि आज त्याचा सातवा दिवस आहे.