खोडलेलं बरोबर उत्तर : बेझचं प्रमेय आणि दुर्मीळ रोगाची चाचणी

माझी लेक दुबईत सीबीएसईच्या बारावीला आहे. पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर घरी आला तेव्हा संभाव्यतेच्या एका प्रश्नापाशी मी थांबले. तिने सगळ्या पायऱ्या नीट लिहिल्या होत्या, शेवटी 22/133 असं उत्तरही काढलं होतं. पण मग त्यावर आडवी रेघ मारून खाली 0.99 लिहिलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अगं आई, चाचणी नव्व्याण्णव टक्के रोगी पकडते असं प्रश्नातच दिलंय. मग पॉझिटिव्ह आलेल्याला रोग असण्याची शक्यता फक्त साडेसोळा टक्के कशी असेल? मला वाटलं, कुठेतरी आकडेमोड चुकली."

आकडेमोड चुकली नव्हती. तिला सूत्र येत होतं, पण उत्तरावर तिचा विश्वास बसला नाही. आखातातल्या आपल्या बऱ्याच मुलांना हा धडा असतो आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या मुलांनाही असलेच प्रश्न पडतात. म्हणून आज हे एकच उदाहरण सावकाश सोडवू.

प्रश्न असा

एक रोग लोकसंख्येतल्या ०.१ टक्के लोकांना आहे. रक्ताची एक चाचणी रोग असलेल्यांपैकी ९९ टक्के लोकांना पॉझिटिव्ह दाखवते. रोग नसलेल्यांपैकीही ०.५ टक्के लोकांना ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते. यादृच्छिकपणे निवडलेल्या एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला खरोखर रोग असण्याची संभाव्यता किती?

सूत्र क्षणभर बाजूला ठेवू आणि माणसं मोजू. अपूर्णांक येऊ नयेत म्हणून दोन लाख लोकांचं एक शहर घेऊ. त्यातल्या ०.१ टक्के म्हणजे २०० जणांना रोग आहे. उरलेले १,९९,८०० निरोगी आहेत. आता सगळ्यांची चाचणी करा.

२०० रोग्यांपैकी ९९ टक्के, म्हणजे १९८ जण पॉझिटिव्ह येतील. दोघं निसटतील. निरोगी लोकांपैकी फक्त ०.५ टक्के पॉझिटिव्ह येतील, पण ते १,९९,८०० चे ०.५ टक्के आहेत, म्हणजे ९९९ माणसं. दवाखान्याबाहेर "पॉझिटिव्ह" असा कागद हातात घेऊन १९८ + ९९९ = १,१९७ जण उभे आहेत. त्यांच्यातले खरे रोगी १९८. म्हणून उत्तर १९८/१,१९७. वर-खाली ९ ने भागलं की २२/१३३, म्हणजे सुमारे ०.१६५.

या रांगेत निरोगी लोकांची गर्दी का झाली, ते आता दिसतं. चाचणी निरोगी माणसाच्या बाबतीत क्वचितच चुकते, पण निरोगी माणसं आहेतच इतकी की त्या क्वचित चुकासुद्धा खऱ्या रोग्यांच्या पाचपट होतात. रोग लोकांमध्ये मुळात किती पसरलेला आहे, त्या आकड्याला मूळ प्रमाण म्हणतात. चाचणीची टक्केवारी ऐकून ते विसरणं म्हणजेच मूळ प्रमाणाकडे दुर्लक्ष.

डॉक्टरांनाही चकवणारा प्रश्न

ही चूक केवळ शाळकरी मुलांची नाही. १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयांत ६० जणांना असाच प्रश्न विचारला होता. त्यात विद्यार्थी होते, शिकाऊ डॉक्टर होते आणि अनुभवी डॉक्टरही होते. रोग हजारात एकाला, आणि निरोगी माणूस चुकून पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ५ टक्के. चाचणी प्रत्येक रोग्याला पकडते असं धरलं, तर हजार लोकांत एक खरा रोगी आणि सुमारे पन्नास खोटे पॉझिटिव्ह. उत्तर साधारण २ टक्के. ते देणारे ११ निघाले. सर्वांत जास्त लोकांनी, म्हणजे २७ जणांनी, ९५ टक्के असं उत्तर दिलं होतं.

९५ कुठून आलं? १०० मधून ५ वजा केले, एवढंच. "निरोगी असेल तर पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ५ टक्के" हे वाक्य मनातल्या मनात "पॉझिटिव्ह असेल तर निरोगी असण्याची शक्यता ५ टक्के" असं उलटलं गेलं. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, पण दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. दुबईत राहणारे बहुतेक लोक परदेशी आहेत, हे खरं. म्हणून परदेशी माणूस दिसला की तो बहुधा दुबईत राहतो, असं कुणी म्हणणार नाही. माझ्या लेकीनेही नेमकी हीच उलटापालट केली होती.

उत्तरपत्रिकेत कसं लिहायचं

गुण पायऱ्यांना असतात, म्हणून क्रम सोडू नका. पहिल्यांदा घटना शब्दांत लिहा. E₁ : व्यक्तीला रोग आहे. E₂ : व्यक्तीला रोग नाही. A : चाचणी पॉझिटिव्ह आली. मग एक ओळ जरूर लिहा की E₁ आणि E₂ परस्पर वगळणाऱ्या आहेत आणि दोन्ही मिळून सगळ्या शक्यता संपतात. प्रमेय वापरण्याचा हक्क त्या ओळीनेच मिळतो. त्यानंतर दिलेली माहिती आणि शेवटी सूत्र.

```
P(E₁) = 0.001      P(E₂) = 0.999
P(A|E₁) = 0.99     P(A|E₂) = 0.005

P(E₁|A) = P(E₁)P(A|E₁) / [P(E₁)P(A|E₁) + P(E₂)P(A|E₂)]
        = 0.00099 / (0.00099 + 0.004995)
        = 0.00099 / 0.005985
        = 22/133 ≈ 0.165
```

वरच्या माणसांच्या मोजणीशी हे ताडून पाहा. अंशात जे ०.०००९९ आहे तेच आपले १९८ रोगी, आणि छेदात जे मिळवलं ते ०.००४९९५ म्हणजे ९९९ निरोगी. फक्त दोन लाखांनी भागलेले. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. आज पुस्तकात दिसणारं सूत्र भारदस्त वाटतं, पण ते रांगेतल्या खऱ्या रोग्यांना संपूर्ण रांगेने भागतं, इतकंच.

चुका साधारण तीन जागी होतात. पहिली, ०.१ टक्के म्हणजे ०.००१, घाईत तिथे ०.१ लिहिलं जातं. दुसरी, P(A|E₂) च्या जागी ०.०१ लिहिणं, "९९ टक्के बरोबर म्हणजे १ टक्का चूक" असं धरून. तो १ टक्का निसटलेल्या रोग्यांचा आहे, निरोगी लोकांचा नाही. या चुकीने उत्तर ०.०९ च्या आसपास येतं, तेव्हा तसं काही आलं तर आधी हीच जागा तपासा. तिसरी, वृक्षाकृती काढताना पहिल्या फांद्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या काढणं. पहिल्या फांद्या रोग आहे की नाही याच्या हव्यात, कारण तेवढंच प्रमाण थेट दिलेलं असतं.

उत्तराची खात्री करायची एक सोपी रीत आहे. P(E₂|A) सुद्धा काढा. ते ९९९/१,१९७, म्हणजे १११/१३३ येतं. दोन्हींची बेरीज १ झाली की पेन खाली ठेवा. लेकीने एवढं केलं असतं तर रेघ मारली नसती.

मग चाचणी निरुपयोगी का?

लेकीचा पुढचा प्रश्न हाच होता. नाही. चाचणीआधी त्या व्यक्तीला रोग असण्याची शक्यता ०.१ टक्के होती, नंतर १६.५ टक्के झाली, म्हणजे १६५ पट. आणि निगेटिव्ह आलेल्या सुमारे १,९८,८०० लोकांत खरे रोगी फक्त दोन, जवळजवळ लाखात एक. चाचणीने मोठं काम केलं आहे, शेवटचा निकाल मात्र दिलेला नाही.

प्रश्नातला "यादृच्छिकपणे निवडलेली" हा शब्दही तिथे उगाच नाही. समजा चाचणी तीच, पण लक्षणं असलेल्यांच्या दवाखान्यात, जिथे १० टक्के लोकांना रोग आहे. पुन्हा दोन लाख घ्या. २०,००० रोग्यांपैकी १९,८०० पॉझिटिव्ह, १,८०,००० निरोगी लोकांपैकी ९०० पॉझिटिव्ह. आता उत्तर १९,८००/२०,७००, म्हणजे सुमारे ०.९५७. चाचणीत काहीच बदललं नाही, फक्त मूळ प्रमाण बदललं.

दुसऱ्यांदा चाचणी केली तर? कधी कधी प्रश्नाचा दुसरा भाग हा असतो. आता P(E₁) म्हणून ०.००१ नव्हे तर २२/१३३ घ्यायचं. दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली तर उत्तर सुमारे ०.९७५ येतं. पण यात एक गृहीतक आहे आणि ते उत्तरपत्रिकेत लिहावं : व्यक्तीला रोग आहे की नाही हे ठरल्यावर दोन्ही चाचण्यांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एखाद्याच्या रक्तातल्या दुसऱ्याच कशामुळे चाचणी फसत असेल, तर तीच चाचणी पुन्हा तशीच फसेल. म्हणून खात्रीसाठी शक्यतो वेगळ्या पद्धतीची चाचणी करतात.

हे सगळं आमच्या इमारतीतल्या एका मराठी जोडप्याने गेल्या वर्षी अनुभवलं. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा मर्यादेबाहेर आला आणि पुन्हा बोलावणं आलं. दोघंही रात्रभर जागे होते. जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण दोन ते चार हजार बाळांत एकाला असते. एकही बाळ निसटू नये म्हणून पहिल्या चाचणीची मर्यादा मुद्दाम सैल ठेवतात, त्यामुळे परत बोलावलेली बहुतेक बाळं निरोगी निघतात. हेही निघालं. तरी जाणं टाळायचं नसतं, कारण खरोखर कमतरता असेल आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. घाबरून गेलेल्या त्या आईला मी तेव्हा रांगेतल्या माणसांचं हेच गणित कागदावर काढून दाखवलं होतं. लेक शेजारीच बसली होती, पण तेव्हा तिचा हा धडा झाला नव्हता.

जाता जाता एक गणित सरावासाठी. रोग ०.५ टक्के लोकांना आहे, चाचणी ९८ टक्के रोग्यांना पकडते आणि २ टक्के निरोगी लोकांनाही पॉझिटिव्ह दाखवते. आधी दहा हजार माणसं मोजा, मग सूत्राने करा. दोन्हीकडून ४९/२४८, म्हणजे सुमारे ०.१९८ आलं पाहिजे. आणि आलं की खोडू नका.